"आरडी भरतोय म्हणजे पेन्शन चालू झाली" म्हणणाऱ्या दुकानदाराला कसं समजवायचं?

पेठेतला

मंडळी जरा मदत हवीये. साताऱ्यात शनिवार पेठेत आमच्या घराखाली किराणा दुकान आहे, अण्णांचं. वय ४५. मी त्यांचं जीएसटी रिटर्न भरून देतो, पैसे घेत नाही, पण गूळ शेंगदाणे न सांगता घरी येतात. परवा सहज विचारलं अण्णा म्हातारपणाची काय सोय, तर गल्ल्याच्या खालच्या खणातनं पोस्टाचं आरडीचं पासबुक काढून काट्याशेजारी ठेवलं. "ही काय, पेन्शन चालू केलीय की." महिन्याला १००० रुपये, एजंट ताई १० तारखेला दुकानात येऊन घेऊन जातात, सहाच हप्ते झालेत.

त्यांच्या डोक्यात असं बसलंय की पाच वर्षं भरलं की पुढं महिन्याला पाच हजार येत राहणार, मरेपर्यंत. कुणी सांगितलं तर कुणीच नाही. ताई म्हणतात मी असं कधी बोलले नाही आणि ते मला खरं वाटतं. बहुतेक समोरच्या वाड्यातल्या रिटायर गुरुजींमुळे. ते रोज दुकानात बसून सांगतात, आधी पगारातनं कापायचे, आता घरबसल्या मिळतात. अण्णांनी त्यातनं स्वतःचा अर्थ लावला, आधी भरायचं मग मिळायचं.

मी म्हटलं अण्णा ही बचत आहे, पेन्शन नव्हे. तर म्हणाले "सरकारीच हाय न्हवं? गॅरंटी हाय न्हवं?" आणि गॅरंटी आहे हे तर खरंय, तिथंच माझी बोलती बंद झाली. गॅरंटी नेमकी कशाची आहे आणि कशाची नाही हे साध्या भाषेत कसं सांगायचं? मी कॉमर्सवाला असूनही मला जमेना.

शून्य शिल्लक

आधी ते गूळ शेंगदाणे रिटर्नमध्ये दाखवता का ते सांगा.

कृष्णाकाठ

सांगलीहून. आरडी मोडू नका एवढंच सांगेन. माझ्या मेव्हण्याने साडेतीन वर्षांनी मोडली, मोडता येते तीन वर्षांनंतर, पण व्याज सेव्हिंग खात्याच्या दराने मिळालं, म्हणजे ४ टक्के. नुसता मनस्ताप. अण्णांना म्हणावं पाच वर्षं कळ काढा.

पेठेतला

@कृष्णाकाठ मोडायचा विषयच नाहीये हो दादा. आरडी चांगलीच आहे, फक्त ती पेन्शन नाही हे सांगायचंय.

हिशोबनीस

मी सोसायटीचे हिशेब बघते त्यामुळे मला आकड्यातच बोलता येतं. पोस्टाची आरडी सध्या ६.७ टक्के, व्याज तिमाही चढतं. महिना १००० प्रमाणे ६० हप्ते म्हणजे भरले ६० हजार, हातात येतात ७१,३६६. बास. पोस्टाची गॅरंटी ह्या ७१,३६६ ची आहे आणि ती शंभर टक्के आहे, त्यात अण्णा बरोबर.

आता ७१,३६६ मधनं महिन्याला ५००० काढायचे. चौदा महिने पुरतात, पंधराव्याला चिल्लर उरते. अण्णा पन्नाशीत आरडी उचलणार, एक्कावन्नाव्या वर्षी पेन्शन खलास. हे पाठीमागे कॅल्क्युलेटर न लावता गल्ल्यातल्या नोटा मोजून दाखवा, पाच पाच हजारांचे गठ्ठे काढत. लगेच पटेल.

माणदेशी

ताई तुम्ही मुद्दलच खायला लावताय की. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचं असतं. आरडीचे पैसे आले की पोस्टाच्याच मंथली इन्कमला टाकायचे, ७.४ टक्के आहे, परत नवी आरडी चालू. असं करत राहिलं की ती पेन्शनच झाली. माझे चुलते असंच करतात, दर महिन्याला पैसे येतात, मुद्दल पोरांना. उगाच पेन्शन पेन्शन करायची गरज नाही.

हिशोबनीस

@माणदेशी पद्धत वाईट नाही पण आकडा घाला. ७१ हजारांवर ७.४ टक्के म्हणजे महिन्याला ४४० रुपये सुद्धा होत नाहीत पूर्ण. तुमच्या चुलत्यांचे किती आहेत गुंतवलेले?

माणदेशी

जमीन विकली होती रस्त्याला गेलेली. ९ लाख.

शून्य शिल्लक

इथं आरडीचा नाही, रस्त्याचा चमत्कार आहे.

घाटावरची

😂😂 पण माणदेशींचं अर्धं तरी बरोबर वाटतंय मला. महिन्याला पैसे येतात ना, मग त्याला पेन्शन म्हणायला काय हरकत आहे? माझ्या सासऱ्यांचे सीनियर सिटिझन स्कीममध्ये १० लाख आहेत, ८.२ टक्क्याने दर तीन महिन्यांनी २०,५०० येतात. आम्ही तर घरात पेन्शनच म्हणतो त्याला. तिमाही आली की सासूबाईंना आधी औषधं मग साडी.

निवृत्त नाना

थोडं सविस्तर लिहितो, विमा क्षेत्रात नोकरी झाली, शेवटची काही वर्षं पेन्शन विभागातच होतो. कराडला असतो.

@घाटावरची तुमच्या सासऱ्यांचं उत्तम आहे, म्हाताऱ्या माणसासाठी त्याहून चांगलं क्वचितच काही असेल. पण दर पाच वर्षांसाठी बांधलेला आहे. मुदत वाढवली तर तेव्हा जो दर असेल तो. दर कसा हलतो ते आरडीतच बघा. मार्च २०२० पर्यंत पोस्टाची आरडी ७.२ होती, एप्रिलपासून ५.८, आणि तिथंच तीन वर्षं बसून राहिली. म्हणजे रकमेची गॅरंटी होती, दराची होती पण तेवढ्या मुदतीपुरती. तुम्ही ९० वर्षं जगलात तर नव्वदीतही हीच रक्कम देईन असं कुणी लिहून दिलेलं नाही.

अण्णांना सांगायचं ते हेच. पेन्शन म्हणजे "महिन्याला पैसे" नव्हे. तुम्ही किती वर्षं जगाल हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि ती चूक झाली तर तिचा खर्च कुणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. आरडीत, एफडीत, मंथली इन्कममध्ये तो खर्च तुम्ही सोसता. जास्त जगलात तर पैसे संपतात किंवा तुम्ही पोटाला चिमटा काढून व्याजात भागवता. पेन्शनमध्ये तो देणारा सोसतो. म्हणून ती महाग असते.

दुकानदाराला भिशी कळते, मी भिशीवरनं सांगायचो. समजा साठीतले पाच दुकानदार. प्रत्येकाकडे ७ लाख. एकेकट्याने साडेसहा टक्के व्याज धरून महिना ५००० काढायला सुरुवात केली तर साधारण ८२ व्या वर्षी डबा रिकामा. आता त्यातला एक ६६ ला गेला, एक ७३ ला. त्यांचे उरलेले पैसे त्यांच्या पोरांकडे गेले, ठीक. पण एक जण ९३ पर्यंत जगला, तो शेवटची अकरा वर्षं कुणाच्या दारात उभा राहणार? आता तेच पाच जण एकत्र आले आणि ठरवलं की पैसे एका डब्यात, प्रत्येकाला जिवंत असेपर्यंत ५०००, गेला की बंद. ६६ वाल्याचं उरलेलं ९३ वाल्याला पुरतं. कुणाचाच डबा रिकामा होत नाही. ही म्हातारपणाची भिशी.

पाच जणांत मात्र हे चालत नाही, पाचही जण ९० पार गेले तर? म्हणून हजारो माणसं लागतात. मग कुठल्या वयाचे किती जातील याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. शिवाय तो डबा सांभाळणाऱ्याने वीस, तीस, चाळीस वर्षांचे सरकारी रोखे घ्यावे लागतात म्हणजे पुढचं व्याज आजच पक्कं होतं. आणि अंदाज चुकला तर भरून काढायला स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागतं. हे आपल्याकडे आयुर्विमा कंपन्या करतात, त्याला अ‍ॅन्युइटी म्हणतात, किंवा मग सरकार स्वतः मागं उभं राहतं. आरडीत हे करायला कुणी बसलेलंच नाही. अण्णांच्या हजार रुपयांत जास्त जगण्याचा विमा नाही.

कृष्णाकाठ

नाना भिशीवालं लय भारी. पण ६६ ला जाणाऱ्याच्या बायकोने काय करायचं?

निवृत्त नाना

@कृष्णाकाठ बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. पर्याय असतात. नवरा गेला की बायकोला चालू राहील असाही घेता येतो, आणि दोघं गेल्यावर मूळ रक्कम वारसाला परत असाही. पण प्रत्येक पर्यायाला किंमत आहे, महिन्याची रक्कम कमी होते. साठाव्या वर्षी मुद्दल परत न घेता फक्त स्वतःला महिना ५००० पाहिजे असतील तर ढोबळमानाने ७ ते साडेसात लाख लागतात. मुद्दल वारसाला परत पाहिजे असेल तर ९ लाखांच्या आसपास. दर बदलत असतात, त्यामुळे हे पाठ करू नका, अंदाज घ्या.

मिरजकर

या सगळ्यात माझी गोष्ट सांगतो, कारण "पेन्शन" हा शब्द बघितला की माझं डोकं उठतं. आमच्याकडे एका पतसंस्थेने "पेन्शन ठेव" काढली होती. एकदम ठेव ठेवायची, दर महिन्याला व्याज. कार्डावर काठी घेतलेले हसरे आजोबा. वडिलांनी दुकान विकून आलेले ४ लाख ठेवले, कारण बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. तीन वर्षं पैसे आले, वडील गल्लीभर सांगत फिरायचे पेन्शनर झालो म्हणून. मग एक महिना उशीर, मग दोन महिने, मग शटर. विमा असेल म्हणून चौकशी केली तर कळलं बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो लागूच नाही. वडील त्यानंतर त्या रस्त्याने जात नाहीत अजून. वळसा घालून जातात.

अण्णांची आरडी निदान पोस्टात आहे. पैसे बुडणार नाहीत, फक्त पुरणार नाहीत.

घाटावरची

@मिरजकर वाचून कसंतरी झालं. वडिलांना नमस्कार सांगा.

सह्याद्रीचा वारा

तुम्ही सगळे अजून पोस्ट आणि एलआयसीतच अडकलाय काय राव. महिना १००० इंडेक्स फंडात एसआयपी लावा, साठीला एसडब्ल्यूपी चालू करा, दर महिन्याला खात्यात पैसे. महागाईला पण पुरून उरतं. पेन्शन हीच.

निवृत्त नाना

@सह्याद्रीचा वारा साठवण्यासाठी म्हणाल तर मी विरोध करणार नाही, पंधरा वर्षं हातात आहेत. पण प्रश्न गॅरंटीचा आहे. एसडब्ल्यूपी म्हणजे स्वतःच्याच डब्यातनं दर महिन्याला चमचा भरून काढायचा. साठीला काढायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी बाजार पडला तर पडलेल्या भावात जास्त युनिट विकली जातात, नंतर बाजार वर गेला तरी तेवढी युनिट उरलेली नसतात. सोय चांगली आहे, गॅरंटी नाही. ज्याचं सगळं म्हातारपण त्यावर आहे त्याने निदान किराणा आणि औषधाएवढं तरी पक्कं करून मग उरलेल्याचं काय ते करावं.

सह्याद्रीचा वारा

किराणा तर त्यांचा स्वतःचाच आहे 😄

शून्य शिल्लक

औषधाचं बघा मग फक्त.

गुळपोळी

एक प्रश्न. व्यापाऱ्यांसाठी पण सरकारची पेन्शन आहे ना, ३००० वाली? २०१९ ला आली होती, आमच्या दुकानात सीएससीवाला पोरगा फॉर्म घेऊन आला होता. अण्णांना तीच घ्यायला लावा, विषय संपला.

निवृत्त नाना

@गुळपोळी आहे, पण प्रवेश १८ ते ४० वयात. अण्णा ४५. अटल पेन्शनलाही तेच ४० चं दार. आणि अटलला आता आयकर भरणारा माणूस नवीन येऊ शकत नाही, ऑक्टोबर २०२२ पासून.

पण अटलचा तक्ता अण्णांना दाखवण्यासारखा आहे. त्यात ६० नंतर महिना ५००० हवे असतील तर माणूस आणि त्याचा जोडीदार दोघांच्या मागे वारसाला जी रक्कम परत मिळते ती साडेआठ लाख आहे. सरकारनेच छापलेला आकडा. म्हणजे सरकार म्हणतं मला ५००० द्यायला मागे साडेआठ लाख लागतात, आणि अण्णा म्हणतात मला ७१ हजारांत द्या. @पेठेतला, हे दोन आकडे एकाखाली एक लिहा. दुसरं काही सांगू नका.

पेठेतला

नाना 🙏 हे मला सुचलंच नव्हतं. उद्या दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा बसतो. वहिनी ३९ च्या आहेत बहुतेक, त्यांचं अटल होईल का?

निवृत्त नाना

आयकर भरत नसतील आणि बँकेत किंवा पोस्टात बचत खातं असेल तर होईल. ३९ ला ५००० च्या पेन्शनसाठी महिना १३१८, चाळिशी गाठली की १४५४. वाढदिवस कधी आहे ते आधी विचारा. हप्ता खात्यातनं आपोआप कापला जातो, खात्यात शिल्लक ठेवावी लागते नाहीतर दंड. आणि मध्येच सोडलं तर फक्त स्वतःचे भरलेले पैसे आणि त्यावरचं व्याज, खर्च वजा करून. साठीआधी त्याकडे बघायचं नाही असं मनाशी ठरवूनच घ्यावं.

हिशोबनीस

मी थोडी शंका काढते, नाना रागवू नका. वहिनींना ते ५००० एकवीस वर्षांनी मिळणार. महागाई ६ टक्के धरली तर तेव्हाचे ५००० म्हणजे आजचे दीड हजार. दीड हजारात आज काय येतं? आणि ती रक्कम नंतर वाढत नाही, ८० व्या वर्षीही ५०००च. गॅरंटी आहे, पण कसली तर रुपयांची, तेलाच्या डब्याची नाही.

निवृत्त नाना

रागवायचं कशाला, बरोबरच आहे. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या विकतच्या पेन्शनची ही उणीव आहे. दरवर्षी ३ टक्के वाढणारा पर्याय मिळतो पण सुरुवात बरीच कमी रकमेने होते, लोक घेत नाहीत.

माणदेशी

गुरुजींची मात्र वाढते. महागाई भत्ता. त्यांना काय, ते बसणारच दुकानात.

कृष्णाकाठ

गुरुजी २००५ च्या आधी लागले असणार. माझा भाऊ २००८ ला लागला शिक्षक म्हणून, त्याला तसली पेन्शन नाही, तो रोज माझ्याशी भांडतो जणू मीच बंद केली. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं दुखणं वेगळंच आहे, जुनी पेन्शन परत...

शून्य शिल्लक

अहो थांबा, जुनी पेन्शन सुरू झाली की हा धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि अण्णा राहतील बाजूला.

घाटावरची

महागाईचं दुकानदाराला वेगळं सांगायला नको खरं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा अजून पाच रुपयांनाच आहे, आत किती बिस्किटं कमी झाली ते त्यालाच माहीत. पेन्शनचंही तसंच म्हणावं, पुड्यावर ५००० छापलेलं राहील, आतली बिस्किटं कमी होतील.

हिशोबनीस

@घाटावरची हे घेतलं मी. चोरते.

पेठेतला

झालं बोलणं. लिहितो सविस्तर, मोठं होईल.

दुपारी अडीचला गेलो. अण्णा तागाच्या पोत्यावर बसून तुरडाळीचे अर्धा अर्धा किलो बांधत होते. पाठकोरा कागद घेतला आणि नानांनी सांगितलं तसं वर ८,५०,००० खाली ७१,३६६ लिहिलं. उजव्या बाजूला दोन्हीपुढे ५०००. म्हटलं वरचं सरकारचं, खालचं तुमचं, दोघांनाही महिन्याला एवढेच द्यायचेत. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले "म्हंजे मी एक किलोच्या पैशात बारा किलो मागतोय." मी भागून बघितलं, खरंच जवळपास बारा पट येतात.

मग विचारलं, साठीपर्यंत असंच हजार हजार भरत राहिलो तर? हिशोबनीस ताईंच्या पद्धतीने काढलं, पंधरा वर्षं ६.७ टक्केच मिळत राहिले असं धरून ३ लाख १० हजारांच्या आसपास होतात. त्यातनं महिना ५००० उचलले आणि उरलेल्यावर व्याज धरलं तर सव्वासहा वर्षं. सहासष्टाव्या वर्षी संपले. त्याचीच जन्मभराची पेन्शन घ्यायची म्हटलं तर महिना सतराशे ते एकवीसशे. ५००० साठी आजपासून महिन्याला अडीच ते तीन हजार बाजूला पडायला पाहिजेत. अण्णा म्हणाले एवढे नाही जमत, भिशीचे दोन हजार आहेत, पोराची फी आहे. मी पुढं काही बोललो नाही, त्यांचा गल्ला मला माहितीये.

भिशीचं सांगितलं तेव्हा मात्र भडकले. "म्हंजे मी सहासष्टाला गेलो तर माझं पैसं त्या त्र्याण्णववाल्याला? त्यो कोन माझा?" मी म्हटलं अण्णा तुम्हीच ९३ चे झालात तर? "मी काय ९३ हुतोय, बा माझा सत्तरला गेला." तेवढ्यात वहिनी आतनं चहा घेऊन आल्या, त्या पडद्याआडनं ऐकतच होत्या. म्हणाल्या, "तुमचे बाबा सत्तरला गेले, आणि आत्याबाई? अठ्ठ्याऐंशी चालू हाय, आत बसल्यात." अण्णांच्या आईबद्दल बोलत होत्या. अठरा वर्षं झाली सासरे जाऊन आणि त्या अठरा वर्षांचं कुणीच कधी गणित मांडलं नव्हतं. अण्णा गप.

वहिनींना ४० पूर्ण व्हायला अजून तीन महिने आहेत. त्या बँकेत जाऊन अटलचा फॉर्म भरणार म्हणतात. महागाईचं पण सांगितलं, बिस्किटाच्या पुड्यासकट. वहिनी म्हणाल्या "आतली बिस्किटं कमी असूदेत, पुडा माझ्या नावाचा असूदे." ह्यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

घाटावरची

वहिनी ❤️

हिशोबनीस

शंका मागे घेत नाही पण वहिनींपुढे हात टेकले.

गुळपोळी

मग अण्णांचं स्वतःचं काय? ते तर राहिलेच. ४५ वाल्यांनी काय करायचं, मी पण ४६ आहे 😬

निवृत्त नाना

चाळिशी ओलांडलेल्याला सरकारी गॅरंटीची छोटी पेन्शन नाही, हे कडू आहे पण खरं आहे. एनपीएस उघडता येतं, पण त्यात साठीपर्यंत गॅरंटी नसते, पैसे बाजारात असतात. साठीला जमेल त्यातनं अ‍ॅन्युइटी घेतली की तिथून पुढं जन्मभराची गॅरंटी चालू होते, तेव्हाच्या दराने. दुसरा मार्ग, हातात एकरकमी पैसे असतील तर डिफर्ड अ‍ॅन्युइटी, आज भरायचे आणि काही वर्षांनी पेन्शन सुरू, किती मिळणार ते आजच पॉलिसीवर लिहून मिळतं. अण्णांची आरडी तिथं कामाला येते. पाच वर्षांनी ७१ हजार आले की ते पोराच्या मोबाइलमध्ये न घालता बाजूला ठेवायचे, कारण तयार पेन्शन घ्यायला एलआयसीतही कमीत कमी १ लाख लागतात, एका आरडीत तेवढंही होत नाही. दोन आरड्या मिळून सुरुवात होते.

माणदेशी

गाळा कुणाचा आहे अण्णांचा? स्वतःचा असेल तर साठीनंतर भाड्याने द्यायचा. शनिवार पेठेतलं भाडं म्हणजे वाढती पेन्शन. नानांना पण मान्य करावं लागेल, भाडं महागाईबरोबर वाढतं.

निवृत्त नाना

@माणदेशी मान्य. भाडेकरू वेळेवर देत असेल आणि भावाभावांत वाटणी झालेली असेल तर.

पेठेतला

@माणदेशी गाळा तीन भावांत आहे. तो वेगळा धागा होईल.

मिरजकर

एक विचारायचं होतं. पुढच्या वेळी कुणी "पेन्शन योजना" म्हणून कागद पुढं केला तर वडिलांसारख्या माणसाला दोन मिनिटांत कसं ओळखता येईल? भिशी वगैरे कोण समजावत बसणार तिथं.

निवृत्त नाना

@मिरजकर कागदावर मुदत संपायची तारीख शोधायची. ठेवीवर असते, जन्मभराच्या पेन्शनवर नसते, तिथं "हयात असेपर्यंत" असं असतं. देणारा कोण ते बघायचं, विमा कंपनी किंवा सरकार नसेल तर जन्मभराचं वचन देण्याची त्याची ऐपतच नाही. आणि एक साधी खूण, हयातीचा दाखला. पेन्शन देणारा दरवर्षी विचारतो माणूस जिवंत आहे का, कारण तुम्ही जगलात तर त्याचा खर्च होतो. ठेव घेणारा विचारत नाही. तुम्ही जगलात काय आणि गेलात काय, त्याला तेवढेच द्यायचेत.

शून्य शिल्लक

म्हणजे जो तुम्ही जिवंत आहात का असं संशयाने विचारतो तोच खरा. 😂

पेठेतला

आज १० तारीख. मुद्दाम दुकानात थांबलो होतो. ताई आल्या, पासबुक घेतलं, अण्णांनी गल्ल्यातनं पाचशेच्या दोन नोटा काढल्या पण हातातच धरून ठेवल्या. म्हणाले, "ताई, ह्याला हयातीचा दाखला लागतो का हो?" ताई हसायला लागल्या, "आरडीला कशाला लागतोय अण्णा, तुम्ही काय पेन्शनर आहात का?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, नोटा दिल्या, आणि समोर बसलेल्या गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, तुमची भरती कुठल्या साली झाली वो?"